पर्याय "मिळाले" म्हणजे नक्की काय मिळालं?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमधल्या एका रविवारी मावसभाऊ घरी आला. चहा व्हायच्या आत त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "अरे, शुक्रवारी राजीनामा टाकतोय. १२०० शेअर्स मिळालेत कंपनीचे, ते कसे विकायचे तेवढं सांग."

दादा एका स्टार्टअपच्या गोदामांचं काम बघतो. कंपनीने गोदामातल्या लोकांसाठी ऑप्शन योजनेचं मराठी भाषांतर करून दिलं होतं. दादाला इंग्रजी येत नाही असं नाही, पण बावीस पानांचं वकिली इंग्रजी सोडून कोणीही आधी मराठीच वाचेल. मीही तेच केलं आणि तिसऱ्या पानावर अडखळलो. तिथे लिहिलं होतं, "व्यायाम किंमत: रु. ८०." पाच मिनिटं हसलो दोघंही. पुढे मात्र हसू आलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे दादाला एकही शेअर मिळालेला नव्हता. मिळाले होते ते १२०० ऑप्शन. ऑप्शन म्हणजे शेअर आज ठरलेल्या भावाने पुढे विकत घ्यायचा हक्क. बिल्डरने "पुढच्या चार वर्षांत कधीही ये, तुला आजच्याच रेटने फ्लॅट देतो" असं लिहून द्यावं, तसं. कागद हातात आहे, फ्लॅट नाही. तो ठरलेला भाव म्हणजे एक्सरसाइज प्राइस, आपल्या भाषांतरकाराची व्यायाम किंमत. हक्क वापरून शेअर घेणं याला एक्सरसाइज म्हणतात, एवढाच त्यातला व्यायाम.

शिवाय तो हक्कही एकदम हातात येत नाही. इंग्रजीत शब्द होता "व्हेस्ट", मराठीत केलं होतं "प्रदान होतील". प्रदान म्हटल्यावर माणसाला वाटणारच की मिळाले. खरा अर्थ "हक्क पक्का होणे" असा आहे. दादाचे ऑप्शन १ जुलै २०२३ ला दिलेले. पहिलं वर्ष काहीच पक्कं नाही (भारतातल्या कंपन्यांना नियमाने किमान एक वर्ष थांबावंच लागतं). १ जुलै २०२४ ला एकदम ३०० पक्के, मग दर महिन्याच्या एक तारखेला २५. अट एकच, त्या तारखेला माणूस नोकरीत हवा. शुक्रवारी, १ ऑगस्टला राजीनामा आणि साठ दिवसांचा नोटीस पिरियड म्हणजे शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. तोपर्यंत चौदा महिन्यांचे ३५० धरून पक्के होणार ६५०. उरलेले ५५० नोकरी सुटली की गेले. हे कंपनीच्या दुष्टपणाने नाही, कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांतच तसं आहे. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर मात्र त्याच नियमांप्रमाणे सगळे ऑप्शन पक्के होतात.

आता ६५० चं काय? इथे नियम म्हणतात की योजनेत लिहिलं असेल ते. म्हणून सोडून जाणाऱ्याचं कलम सगळ्यात नीट वाचायला हवं, आणि भाषांतर नेमकं तिथेच घसरलं होतं.

मराठीत लिहिलं होतं, "कारणास्तव कामावरून कमी केल्यास पक्के झालेले पर्यायही रद्द होतील." वाचून दादा हादरला. कारणाशिवाय कोण कमी करतं? इंग्रजीत तिथे मोठ्या सीचा "कॉज" होता आणि शेवटच्या पानांवर त्याची व्याख्या होती: अफरातफर, फसवणूक, गोपनीय माहिती फोडणे वगैरे. म्हणजे गैरवर्तन. कपातीत नोकरी गेलेला माणूस त्यात येत नाही. पण मराठी वाचून तो बिचारा आपले पक्के ऑप्शनही बुडाले समजून गप्प घरी बसेल.

दुसरी घसरण मुदतीची. मराठीत होतं "राजीनाम्यापासून ९० दिवसांत". त्या हिशोबाने मुदत ३० ऑक्टोबरला संपते. इंग्रजीत मुदत नोकरी संपल्याच्या दिवसापासून, म्हणजे २९ डिसेंबरपर्यंत. दोन महिन्यांचा फरक, आणि हे दोन महिने पैशांची जुळवाजुळव करायचे असतात. कारण पैसे लागतात, हे दादाच्या डोक्यातच नव्हतं.

हिशोब मांडला. ६५० शेअर, ८० रुपयांनी, झाले ५२,००० रुपये कंपनीला द्यायचे. शिवाय कर. कंपनीच्या ताज्या मूल्यांकनात शेअरचा भाव ३३० होता. ८० ला घेतला म्हणजे दर शेअरमागे २५० रुपयांचा लाभ, एकूण १,६२,५००. हा लाभ पगारात धरला जातो. शेअर विकला नसला तरी. दादाच्या उत्पन्नाच्या टप्प्याला दर २० टक्के, वर सेस, झाले ३३,८००. (काही मान्यताप्राप्त स्टार्टअप्सना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, पण नोकरी सोडली की तीही संपते.) म्हणजे एकूण ८५,८०० रुपये खिशातून. बदल्यात कागदावर २,१४,५०० चे शेअर, जे आज कुठल्याही बाजारात विकता येत नाहीत. कंपनी लिस्ट झाली, कोणी विकत घेतली किंवा तिने स्वतः शेअर परत घेतले, तरच पैसे. नाहीतर तो ३३० चा आकडा नुसता आकडाच.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मिळालेत म्हणून मी घरी पेढे वाटले, ते कशाचे?"

मला या प्रश्नाचा राग भाषांतरकारावर काढावासा वाटत नाही. त्याला कुणीतरी "सोमवारपर्यंत दे" म्हटलं असणार. राग येतो तो पहिल्या पानावरच्या एका ओळीचा: "मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य." ही ओळ कायद्याने कंपनीला वाचवते. पण ज्याला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मराठी दिलं, त्यालाच ती सांगते की तू वाचलंस ते खरं धरू नकोस. मग दिलं कशाला? माझं म्हणणं साधं आहे. बावीस पानांचं भाषांतर करूच नका. मराठीत दोन पानं लिहा आणि त्यात एका माणसाचा हिशोब पूर्ण मांडा: किती दिले, कधी पक्के होतात, घेताना किती भरावे लागतील, कर किती, सोडल्यावर कुठल्या तारखेपर्यंत. आकडे मांडायला बसलं की "प्रदान" सारखा शब्द टिकतच नाही.

दादाने एचआरला ईमेल करून मुदत आणि "कॉज" दोन्ही लेखी मागितलं. उत्तर इंग्रजी मजकुराप्रमाणेच आलं. शेअर घ्यायचे की नाही हे त्याने लगेच ठरवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

एक गोष्ट मात्र त्याने त्या रविवारीच ठरवली. शेवटचा दिवस ३० सप्टेंबर, आणि पुढचे २५ पक्के होणार १ ऑक्टोबरला! राजीनामा शुक्रवारऐवजी सोमवारी, ४ ऑगस्टला गेला. ६५० चे ६७५ झाले. असो, पेढ्यांचे पैसे तरी कागदावर वसूल.