गोड पाण्याला औषधाचं नाव

जुलै २०२२. मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, कारण वीजबिल थकल्यामुळे नळयोजना बंद पडली होती. कॉलरा पसरला, माणसं दगावली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला: गोड पेयाच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरा, खुशाल वापरा, फक्त कुठेतरी छापा की हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं ओआरएस नाही. एप्रिलमध्ये याच प्राधिकरणाने हे नाव वापरायला मनाई केली होती. तीन महिन्यांत कोणता साक्षात्कार झाला? हगवणीनं माणसं मरतात हे त्या तीन महिन्यांत खोटं ठरलं होतं का?

खोक्यावर ठळक अक्षरात ‘ओआरएस’ आणि मागे बारीक अक्षरात ‘हे ओआरएस नव्हे’. याला ग्राहकाला माहिती देणं म्हणतात म्हणे! तापलेल्या, ओकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन मेडिकलवर उभी राहिलेली आई भिंगातून लेबल वाचणार होती का? अमरावतीत मेडिकलच्या काउंटरवर मी ऐकलेलं बोलणं असं होतं. “भाऊ, पोराले हगवण लागली, ओआरएस द्या न.” “पुडी देऊ का तयार खोका देऊ, ताई?” “जे चांगलं असन ते द्या.” “मंग हा खोका न्या. पुडी खारट लागते, पोट्टं पीत नाही. हे गटगट पिते.” पोट्टं गटगट पिणारच. साखर प्यायला कोणत्या पोराला आग्रह करावा लागतो?

आता आकड्यांकडे येऊ, कारण या प्रकरणात आकड्यांइतकं निर्दय दुसरं काही नाही. खऱ्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. बेरीज २०.५ ग्रॅम. पुडीवर क्षारांची नावं असतात, बाटलीवर नुसतं ‘सोडियम’ असतं, आणि इथेच भलेभले फसतात. म्हणून पुडीचा हिशेब बाटलीच्या भाषेत करून ठेवा: दर १०० मिलिलिटरला सोडियम सुमारे १७२ मिलिग्रॅम, पोटॅशियम ७८ मिलिग्रॅम, साखर १.३५ ग्रॅम. हे तीन आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. जाहिरातीतल्या सगळ्या नट्या आणि क्रिकेटपटू या कागदापुढे गप्प होतात.

हेच प्रमाण का? कॉलऱ्यात आतड्याची मीठ शोषण्याची नेहमीची वाट बिघडते, पण एक जोडीचं दार शाबूत राहतं. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरूनच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी आतड्याच्या भिंतीत कशी चालते ते रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण जगवले. पुढे २००२ च्या सुमारास प्रमाण आणखी पातळ केलं गेलं, आणि सोडियम व ग्लुकोज लिटरमागे बरोबर सारखे, ७५-७५ मिलिमोल ठेवले. साखर इथे चवीसाठी नाही, सोडियमला आत नेण्यासाठी आहे. ती जास्त झाली की आतड्यात पडून राहते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढते. म्हणजे हगवण वाढते. आई पाजते औषध समजून, आणि पोर आणखी सुकतं.

दहा किलोचं एक मूल घ्या. डोळे खोल गेलेत, तहान आहे, पण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा नियम किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, चार तासांत, घोट घोट. म्हणजे ७५० मिलिलिटर. खऱ्या ओआरएसमधून त्याला सुमारे १,३०० मिलिग्रॅम सोडियम, ५८५ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि दहा ग्रॅम ग्लुकोज मिळतं. आता तेवढंच गेटोरेड पाजून बघा. त्याच्या अमेरिकी लेबलवर ३५५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम सोडियम, सुमारे ५० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २१ ग्रॅम साखर लिहिलेली असते. पोराच्या पोटात सोडियम जाईल ३४० मिलिग्रॅमच्या आसपास, जेमतेम चौथा हिस्सा. पोटॅशियम शंभरेक. साखर मात्र ४४ ग्रॅम, चौपटीहून जास्त! जे हवं ते पाव आणि जे नको ते चौपट. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर दोन तास घाम गाळणाऱ्या धडधाकट पोरानं ते खुशाल प्यावं, त्याला ताकदीसाठी साखर लागते आणि मीठ तो जेवणातून भरून काढतो. त्याच्यासाठी बनवलेलं पाणी हगवणीच्या बाळाला पाजायचं कोणत्या शास्त्रात बसतं? नारळपाण्याचंही तेच. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम तोकडं. आजाऱ्याला भेटायला नेण्यापुरतं ठीक.

पुडीतही माती करता येते, आणि आपण ती करतो. लिटरची पुडी एका पेल्यात ओतली की ते पाणी पाचपट खारं होतं. रक्तातलं सोडियम चढून मुलाला झटके येऊ शकतात. दोनशे मिलिलिटरची छोटी पुडी वेगळी मिळते, तिचं वजन चार-साडेचार ग्रॅम असतं. वजन बघा, मग पाणी मोजा. आणि दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्यांना खास सांगणं: आपल्या बोअरच्या पाण्यात मीठ आधीच असतं. त्यात पुडी टाकली की प्रमाण बिघडलंच. नळाचं किंवा आरओचं पाणी घ्या. हे कोणत्याही खोक्यावर छापलेलं नसतं, कारण खोके बनवणाऱ्यांच्या नकाशात पूर्णेचं खोरं नाही.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष गोड पेयांच्या ‘ओआरएस’ या नावाविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने आपला जुलै २०२२ चा आणि त्याच्या जोडीचा २०२४ चा आदेश मागे घेतला आणि पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी केली. लगेच काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात धावल्या. पोरांच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्या या मंडळींना कोर्टात काळजी होती ती नावाची आणि मालाची!

नाव गेलं तरी गोड पाणी दुकानात राहणारच, नव्या नावानं, त्याच फळीवर, पुडीच्या शेजारी. अन्न व औषध प्रशासनाच्या अमरावती आणि अकोल्याच्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्याआधी मेडिकलच्या फळ्या तपासाव्यात आणि ही पेयं ओआरएसपासून वेगळी ठेवायला लावावीत. आणि वाचकहो, दुकानदारानं पुडीऐवजी खोका पुढे केला, तर मागची बाजू वळवा आणि १०० मिलिलिटरला सोडियम किती ते वाचा. १७२ च्या आसपास नसेल तर तिथेच परत करा आणि २०.५ ग्रॅमची पुडी मागा.