कोरी पाटी म्हणजे चांगला शेरा नव्हे

आपण जैन घरातल्या बाया पाकीट वाचण्यात कोणाला हार जाणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे का, जिलेटीन आहे का, मसाल्यात लसूण पडला का, हे आपण दुकानात उभ्या उभ्या, चष्मा नसला तरी वाचतो. पाणी गाळून पितो. पण नातवाला खोकला झाला की मेडिकलमधून आणलेली बाटली आपण न वाचता उघडतो आणि चमचा त्याच्या तोंडात घालतो. मीही हेच करत आले, म्हणून हे लिहिताना माझंही नाव त्यात धरा.

२०२५च्या सप्टेंबरात आपल्या शेजारी काय झालं ते पांढुर्णा-सौसरमध्ये कोणाला सांगायला नको. २०२३पर्यंत आपण छिंदवाडा जिल्ह्यातच होतो. त्या जिल्ह्यातल्या परासिया भागात लहान मुलांना सर्दी-ताप आला, औषध दिलं, आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडं निकामी झाली. आपण सगळे दुखणं वाढलं की जिकडे धावतो, त्या नागपूरकडेच ते आईबापही धावले. वीसहून अधिक मुलं गेली. बहुतेक छिंदवाड्याची, पण बैतूलची होती आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलंही एक होतं.

औषधाचं नाव कोल्ड्रिफ, बॅच एसआर-१३, बनवणारी कंपनी तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातली श्रीसन फार्मास्युटिकल. तमिळनाडू सरकारने कारखान्यातून नमुना घेऊन तपासला, तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. हे कारखान्यांत वापरायचं रसायन. औषधात ते ०.१ टक्क्यापलीकडे चालत नाही. म्हणजे बाटलीतला जवळजवळ अर्धा भाग विष होता. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने औषधावर बंदी घातली आणि १३ तारखेला तमिळनाडूने कंपनीचा परवाना रद्द केला.

त्यानंतर आमच्या मंडळात जो तो एकच वाक्य बोलू लागला : "चांगल्या कंपनीचंच औषध घ्यायचं, बाई." माझं भांडण या वाक्याशी आहे. चांगली कंपनी ओळखायची कशी? टीव्हीवर जाहिरात येते म्हणून? डबा गुळगुळीत आहे म्हणून? मी माझ्या कपाटातली खोकल्याची बाटली काढली आणि शोधायला बसले.

पहिला धडा बाटलीवरच मिळाला. मोठ्या अक्षरात होतं ते विकणाऱ्या कंपनीचं नाव. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असं लिहून भलत्याच राज्यातल्या भलत्याच कारखान्याचं नाव होतं. इतिहास पाहायचा तो या खालच्या नावाचा. एकच कारखाना पाच-दहा नावांची औषधं बनवतो. बाटलीवरचं देखणं नाव शोधत बसलात तर त्याच कारखान्याच्या दुसऱ्या औषधाबद्दल निघालेली सूचना तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून वहीत तीन गोष्टी उतरवा : बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, कारखान्याचं गाव आणि बॅच नंबर. गाव यासाठी, की सारख्या नावाच्या कंपन्या पुष्कळ असतात आणि एकीचं पाप दुसरीच्या माथी मारणं हाही अन्यायच.

मग फोनवर cdsco.gov.in उघडलं. ही केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेची साइट. तिथे Alerts या शीर्षकाखाली दर महिन्याची यादी असते. सरकारी प्रयोगशाळांत जी औषधं दर्जाला उतरली नाहीत त्यांची. केंद्राच्या प्रयोगशाळांची यादी वेगळी, राज्यांच्या प्रयोगशाळांची वेगळी. दोन्ही पाहाव्या लागतात. औषधाचं नाव, बॅच, बनवल्याची तारीख, बनवणारा आणि नापास होण्याचं कारण अशी रकान्यांत नोंद असते. मी एक एक महिना मागे जात बनवणाऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवलं. दोन दुपारी गेल्या. माझ्या बाटलीवरच्या कारखान्याचं नाव दोनदा सापडलं, दोन वेगळ्या गोळ्यांसाठी. दोन्हीकडे कारण एकच : डिसोल्यूशन.

इथे घाबरून जायचं नाही, कारण कारण वाचल्याशिवाय यादीला अर्थ नाही. डिसोल्यूशन म्हणजे गोळी ठरलेल्या वेळात पुरती विरघळली नाही. ती विष नाही, पण औषधाचा गुण पुरता येईलच असं नाही. 'असे'मध्ये नापास म्हणजे लिहिलंय तेवढं औषध आत नाही, कमी आहे किंवा जास्त आहे. याहून वेगळी जात ती इंजेक्शन निर्जंतुक नसण्याची, किंवा द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल निघण्याची. तिथे एक नोंदसुद्धा पुरे. काही नोंदींत बनवणारी कंपनी म्हणते, ही बॅच आमची नाहीच, कोणीतरी आमच्या नावाने नकली माल काढला. ती नोंद कंपनीच्या खात्यावर मांडू नये. आणि एक बॅच नापास झाली म्हणून सगळा माल वाईट ठरत नाही. पण एकाच कारखान्याची दोन वेगळी औषधं एकाच कारणाने नापास झाली, तर चूक त्या बॅचपुरती नसावी, तिथल्या कामाच्या पद्धतीतच असावी, असं मी धरते. मी ती बाटली फेकली नाही, पण त्या कारखान्याची दुसरी घेतलीही नाही.

आता खरा मुद्दा. समजा नाव कुठेच सापडलं नाही. मग कंपनी चांगली? इथेच आपण फसतो.

त्या यादीत फक्त नापास झालेले असतात. त्या कंपनीचे किती नमुने तपासले, की एकही तपासला नाही, हे यादी सांगत नाही. शाळेत ज्या मुलाचा पेपरच तपासला नाही, त्याच्या निकालावर लाल शेरा कुठून येणार? श्रीसनच्या कारखान्यात मुलं गेल्यानंतर पथक शिरलं तेव्हा साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. इतक्या त्रुटी एका रात्रीत होत नाहीत. पण तिथे आधीची दोन वर्षं तपासणीच झाली नव्हती, आणि त्यासाठी तमिळनाडूत औषध निरीक्षक निलंबित झाले. तपासणी नाही, म्हणून सूचना नाही. सूचना नाही, म्हणून कंपनीचं नाव स्वच्छ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राने काही नमुने तपासून त्यांत विष नसल्याचंही सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. ते नमुने वेगळे होते. स्वच्छ अहवाल हा त्या एका नमुन्यापुरता असतो, कंपनीपुरता नव्हे.

याच्या उलट उदाहरणही आहे. २०२२मध्ये आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात मुलं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणाच्या मेडन फार्मास्युटिकल्सच्या चार सिरपांबद्दल इशारा काढला. आपल्या सरकारने आपल्याकडचे नमुने ठीक असल्याचं म्हटलं, तो वाद राहू द्या. पण त्या कंपनीची औषधं कमी दर्जाची निघाल्याची नोंद केरळच्या औषध खात्याने आधीच केली होती. तिथे पाटीवर लिहिलेलं होतं आणि कोणी वाचलं नाही. इथे पाटी कोरी होती आणि आपण तिलाच शाबासकी समजलो. म्हणून माझा हिशेब असा : नाव सापडलं तर ती माहिती आहे, नाव सापडलं नाही तर ती माहिती नाही, एवढंच.

"हे सरकारचं काम, आपण घर सांभाळायचं की याद्या?" असं माझ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं अर्धं खरं आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून याच रसायनाने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खात्याचे वाभाडे काढले. त्याला चाळीस वर्षं होत आली आणि तेच रसायन आपल्या दारात आलं. सरकारचं काम सरकारवर सोडून चालत नाही, हे याहून निराळं काय सांगू?

पण राग आईवर काढू नका. परासियाच्या कोणत्या आईने ती यादी वाचायला हवी होती? यादी इंग्रजीत, पानंच्या पानं, महिन्यामागून महिना. कारखान्याचं नाव टाकलं की त्याचा सगळा इतिहास समोर यावा अशी सोय मला तिथे कुठेच मिळाली नाही. शिवाय मासिक यादी ही मागच्या महिन्याची गोष्ट सांगते. आज कोणती बाटली थांबवायची हे तिच्यातून कळत नाही. ते राज्याच्या आदेशातून कळतं आणि तो आदेश औषध दुकानदाराकडे आधी येतो.

म्हणून माझं शेवटचं बोलणं आपल्याच माणसांशी. आपल्या समाजात औषधांची दुकानं आणि एजन्स्या काही कमी नाहीत. त्यातल्या एका पोराला मी विचारलं, तर म्हणाला, "काकू, आदेश येतो तो व्हॉट्सअॅपवर. आम्ही माल बाजूला काढतो." आणि विकून झालेल्या बाटल्या? त्यावर तो गप्प बसला. विकलेली बाटली परत बोलवायची तर बिलावर बॅच नंबर हवा आणि गिऱ्हाइकाचा फोन हवा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाची नोंद ठेवायचा नियमच आहे. आपण बिल मागत नाही आणि दुकानदार देत नाही, म्हणून धागा तिथेच तुटतो.

पर्युषणात आपण एकमेकांची क्षमा मागतो, नकळत झालेल्या हिंसेचीही. पण यत्नाचार आधी येतो, क्षमा नंतर. आपल्या दुकानदारांनी थांबवलेल्या बॅचचा आदेश हिंदी-मराठीत लिहून काउंटरवर लावावा, आणि आपण बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. पाणी गाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही याला लागत नाही.