मशीनची ऑर्डर देताय? आधी चार पानं मागा, चौथं सगळ्यात महत्त्वाचं



फॅब्रिकेटर ड्रॉइंग दाखवतो, आपण मान हलवतो आणि ॲडव्हान्स देऊन मोकळे होतो. माझं मत स्पष्ट आहे. ॲडव्हान्सच्या आधी तासभर बसून त्याच्याकडून डिझाइन रिव्ह्यू घ्या. चार पानं पुरेत: गरज काय, पर्याय कोणते, निवड कोणती आणि का, आणि अजून न सुटलेले धोके. चौथं पान कोरं असेल तर पैसे देऊ नका.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंना कांद्याच्या चकत्या वाळवायच्या होत्या. त्यांची गरज एका ओळीची होती: "चांगला ड्रायर हवा." ही गरज नाही, इच्छा आहे. आम्ही ती आकड्यांत मांडली. 100 किलो चिरलेला कांदा, 10 तासांत, शेवटी ओलावा 6 टक्के, हवा 60 अंशांच्या वर नाही, कारण जास्त तापला की कांदा लालसर पडतो आणि भाव पडतो.

आता हिशोब बघा. कांद्यात साधारण 86 टक्के पाणी, म्हणजे 100 किलोत घन भाग फक्त 14 किलो. वाळलेला माल मिळणार 15 किलोच्या आसपास, आणि 85 किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटच्या आत उष्णता लागते, पण बरीच गरम हवा बाहेर निघून जाते. म्हणून दुप्पट धरली, तर बॅचला साधारण 110 युनिट. दहा तासांत विभागले की 11 किलोवॅट. फॅब्रिकेटरने आधी सांगितला होता 6 किलोवॅटचा हीटर! तो बसवला असता तर बॅच दहा नाही, अठरा तास चालली असती. पहिलं पान भरलं म्हणून हे कळलं.

दुसऱ्या पानावर तीन पर्याय आले. वीज सोपी आणि स्वच्छ, पण थ्री फेज लागणार आणि त्यांच्या गावात वीज जाते. लाकूड स्वस्त, पण तापमान एकसारखं ठेवणं अवघड, आणि भट्टीची नळी गळली तर धूर मालाला लागतो. गॅसवर तापमान नीट धरता येतं. बॅचला साधारण 11 किलो गॅस, म्हणजे 19 किलोच्या बाटलीत पावणेदोन बॅच. तिसऱ्या पानावर गॅस निवडला आणि लाकूड, वीज का नाही तेही लिहिलं. हे "का नाही" जरूर लिहून घ्या. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं, "लाकडावर घ्यायचं होतं," तर उत्तर कागदावर असतं.

आता चौथं पान. फॅब्रिकेटर म्हणाला, "ताई, काही प्रॉब्लेम येणार नाही." आम्ही एकच प्रश्न विचारला: बॅच चालू असताना वीज गेली तर? पंखा बंद, बर्नर चालू. म्हणजे आतली उष्णता वाढत जाणार आणि माल करपणार. तो गप्प झाला. मग ठरलं की पंखा थांबला की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा. ही गरज पहिल्या पानावर गेली.

दुसरा धोका हवेचा. 48 ट्रे, प्रत्येकात साधारण 2 किलो कांदा. वरचे ट्रे कडक आणि खालचे ओले, असं हमखास होतं. रिकामं मशीन चालवून हे दिसत नाही. म्हणून ट्रायल भरलेल्या ट्रेवर घ्यायची, आणि चार तासांनी वरचा, मधला, खालचा ट्रे काट्यावर ठेवायचा. वजनात 200 ग्रॅमहून जास्त फरक असेल तर हवा वळवणारे पत्रे बदलून पुन्हा ट्रायल. खर्च फॅब्रिकेटरचा.

तिसरा धोका पावसाळ्याचा. एप्रिलमधली ट्रायल पास झाली, तरी ऑगस्टच्या दमट हवेत तीच बॅच जास्त वेळ घेऊ शकते. हे एप्रिलमध्ये तपासता येत नाही. म्हणून ताईंनी 10 टक्के रक्कम ऑगस्टमधल्या एका बॅचपर्यंत रोखून ठेवली.

धोका लिहिताना चार गोष्टी लिहा: काय होऊ शकतं, कसं कळेल, कोण आणि कधी तपासणार, आणि तसं झालं तर पैसे कोणाचे.

काही जण म्हणतात, "सर, एवढं विचारलं तर फॅब्रिकेटर नाराज होईल." होऊ दे. चांगला कारागीर स्वतःच दोन धोके जास्त सांगतो, कारण नंतर फुकटच्या चकरा त्यालाच माराव्या लागतात. "काहीच होणार नाही" म्हणणाऱ्याला माझा सरळ नमस्कार.