कणसाची मिशी आणि दाण्यातला चीक

नागपूरहून वर्ध्याकडे येताना केळझरच्या गणपतीला जाणारे पुष्कळ लोक परतताना रस्त्याच्या कडेला भुट्टे घ्यायला थांबतात. गाडीतून उतरलेला माणूस पहिलं कणीस उचलतो, त्याची पानं सर्रकन खाली ओढतो, दाणे बघतो, तोंड वाकडं करून ते ढिगात परत टाकतो आणि दुसरं उचलतो. विकणाऱ्या मावशी म्हणतात, “सोलून नका पाहू ना जी, दाबून पाहा.” त्यांचं कोणी ऐकत नाही. सोललेलं कणीस तासा-दोन तासांत सुकायला लागतं आणि मग ते कोणीच घेत नाही. खरं तर मावशी सांगतात तीच पद्धत शास्त्रातही बसते.

आधी मिशी बघायची. कणसाच्या टोकाला लोंबणारी ही मिशी म्हणजे नुसता केसांचा झुपका नव्हे. तिचा प्रत्येक धागा आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. वरच्या तुऱ्यातला पराग धाग्यावर पडला की तो धाग्याच्या आतून खाली उतरतो आणि मगच त्या जागी दाणा धरतो. ज्या धाग्याला पराग मिळाला नाही, तिथे कणसात खळगा राहतो. बुडाकडचे धागे आधी बाहेर येतात, टोकाकडचे शेवटी. त्यामुळे ऐन मिशी फुटताना पावसाने ओढ दिली की टोक बोडकं राहतं. असं कणीस चवीला वाईट नसतं, फक्त दाणे कमी भरतात.

मिशी बाहेर पडल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवसांनी मधुमका तोडणीला येतो. तेव्हा मिशीचा बाहेरचा भाग तपकिरी आणि सुकलेला असतो, पण पानांच्या तोंडाशी बोटाने चाचपलं तर ती अजून फिकट, ओलसर लागते. सगळी मिशी पिवळट-पांढरी आणि लुसलुशीत असेल तर कणीस कोवळं, दाणे पाणचट. मुळापर्यंत कोरडी ठक्क असेल तर ते जून झालंय किंवा तोडून बरेच दिवस झालेत. आणि मिशी काळी, चिकट, वासाची असेल तर हातातलं कणीस खाली ठेवा. मिशीत भुशासारखी ओली विष्ठा दिसली, तर आत घाटेअळी आहे असं समजा. हरभऱ्याच्या घाट्यात आणि कपाशीच्या बोंडात शिरणारी तीच ही अळी. कणसात ती मिशीच्या वाटेने उतरते आणि बहुतेक वेळा टोकाचे दाणेच खाते. तेवढं टोक कापून टाकलं की बाकीचं कणीस उत्तम.

मग दाबून बघायचं. पानांवरूनच टोकाजवळ अंगठा फिरवला की आतलं टोक बोथट, भरलेलं लागायला हवं. निमुळतं लागलं तर दाणा अजून भरायचाय. देठाचा कापही बघावा. तो ओला, फिकट असेल तर माल आजचा. तपकिरी आणि चिरलेला असेल तर कालपरवाचा.

एवढं करूनही शंका राहिलीच, तर टोकाकडची पानं दोन बोटं बाजूला करून एका दाण्यात नख रुतवा. दुधासारखा चीक उडाला तर दाणा नेमका तयार आहे. नितळ पाणी आलं तर कच्चा, आणि नखाला पिठूळ लगदा लागला तर वेळ टळून गेली. हुरड्याच्या ज्वारीला आपण हीच परीक्षा लावतो. मात्र हल्ली बाजारात मिळणारा बहुतेक मधुमका अतिगोड संकरित जातींचा असतो. त्याचा चीक पूर्ण तयार असतानाही जरा पातळच असतो. त्याला कच्चा समजून टाकू नका. दाणा टपोरा आणि तुकतुकीत आहे की नाही, यावर ठरवा.

हा फरक का पडतो ते समजलं की गोडी कुठे जाते तेही समजतं. पानात तयार झालेली साखर दाण्यात उतरते. तिथे विकरं, म्हणजे एन्झाइम, तिचे रेणू एकमेकांना जोडत लांबच लांब साखळी करतात. हा स्टार्च. साखर पाणी ओढून घेते, स्टार्च मात्र कोरडा, घट्ट रचून ठेवता येतो, म्हणून अंकुराची शिदोरी बी स्टार्चच्या रूपात साठवतं. जिभेला मात्र स्टार्चची काहीच चव लागत नाही. कणीस तोडल्यावर पानातून येणारी साखर बंद होते, पण दाण्यातली विकरं थांबत नाहीत. असलेली साखर ती जोडत राहतात, आणि दाण्याचा श्वासही साखरेवरच चालतो. आवक थांबली, खर्च सुरू. जितकी उष्णता जास्त, तितका हा खर्च वेगाने होतो.

जुन्या पद्धतीच्या गोड मक्याची मोजमापं झालेली आहेत. तीस अंश तापमानात त्यातली जवळजवळ साठ टक्के साखर एका दिवसात जाऊ शकते. शून्य अंशाला त्याच वेळात फक्त सहा टक्के. आता समजा, केळझरच्या शिवारात सकाळी सहाला तोडलेली कणसं पोत्यांत दाबून भरली, दुपारपर्यंत रस्त्याला उभी राहिली आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपुरात दुसऱ्या दिवशी विकली गेली. कणसं श्वास घेतात, त्यामुळे पोतं आतून तापतं. हात घातला तर ऊब जाणवते. भाद्रपदात बाहेरच तीस अंश असताना पोत्यात त्याहून जास्त होणार. जुन्या जातीच्या शंभर भाग साखरेतले चाळीस भागही ग्राहकाच्या वाट्याला येणार नाहीत.

अतिगोड जातींनी हे गणित बदललं. 1953 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी मक्याच्या एका जनुकीय बदलाकडे लक्ष वेधलं. त्यात साखरेपासून स्टार्च करण्याची सुरुवातीची पायरीच लुळी पडते. बी वाळल्यावर स्टार्चअभावी सुरकुततं, पण हिरव्या दाण्यात जुन्या गोड मक्याच्या दुपटीहून जास्त साखर साठते आणि ती उतरतेही हळू. म्हणून नागपूर-मुंबईच्या दुकानांत चार दिवसांचं कणीसही गोड लागतं. गोम इथेच आहे: आता गोडीवरून ताजेपणा कळत नाही. साखर टिकते, पण दाण्यातलं पाणी उडतं आणि साल चिवट होते. दाण्याच्या माथ्यावर खळी पडली असेल तर कणीस शिळं, मग ते कितीही गोड असो.

गावरानी भुट्ट्याची गोष्ट वेगळी. भाजून तिखट-मीठ-लिंबू चोळण्यासाठी मला तोच आवडतो, कारण त्यात थोडा पिठूळपणा हवाच. पण त्याची जी काही मूळची गोडी असते, ती झपाट्याने जाते. तो तोडल्या दिवशीच भाजावा. (केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी इथली श्रद्धा आहे. बकासुराला गाडाभर अन्न जात असे, पण त्यात भुट्टा नसणार. मका अमेरिकेचा, तो आपल्याकडे फार नंतर आला.)

घरी आणलेली कणसं लगेच खायची नसतील तर पानांसकट पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर किंवा उन्हातल्या गाडीत नकोत. आठवड्याहून जास्त ठेवायची असतील तर सोलून उकळत्या पाण्यात चार मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात बुडवा, दाणे काढून फ्रीजरमध्ये ठेवा. उकळीने विकरं निकामी होतात, म्हणजे गोडी तिथेच थांबते.

आणि घेताना आधी मिशी, मग टोक, मग देठ पाहा. तरीही कणीस सोललंत, तर ते मावशींच्या ढिगात परत टाकू नका. पैसे द्या आणि घेऊन जा.