चार बदल आणि पाच 'हात लावू नको'

बंगळूरमधल्या एका मोठ्या वसाहतीत चाळीसएक मराठी कुटुंबे राहतात. दरवर्षी ती गणपती बसवतात आणि उत्सवातल्या एका संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून मुलांचा कार्यक्रम करतात. आमंत्रण देण्यासाठी लिफ्टमध्ये आणि दारवानाच्या खोलीबाहेर कागदी पोस्टर लावायचे. वर कन्नड, खाली मराठी, अशी त्याची रीत.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. कार्यक्रम रविवारी, ३१ तारखेला ठरला. पोस्टर करून देण्याचे काम वसाहतीतल्याच एका तरुणाने आनंदाने पत्करले. मुलगा मूळचा बेळगावचा, शिक्षणाने चित्रकार. घरात मराठी बोलतो, पण शाळा कन्नड माध्यमाची. दोन दिवसांत त्याने पहिला नमुना पाठवला. गणपतीचे चित्र सुरेख होते, फिकट केशरी पार्श्वभूमी डोळ्यांना सुखावणारी होती. कन्नड ओळी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने तपासून 'बरोबर आहे' म्हणून सांगितले होते.

चुका होत्या त्या मराठी भागात. मंडळाच्या कार्यवाह काकूंनी घाईघाईत निरोप धाडला, "छान झालंय रे! फक्त मराठी जरा नीट कर, वार बघ आणि थोडं उठावदार कर."

दुसऱ्या दिवशी नवे पोस्टर आले आणि काकूंनी कपाळाला हात लावला. पार्श्वभूमी जांभळी झाली होती. गणपती डावीकडून मधोमध आला होता. वार चुकीचाच राहिला होता. आणि तपासलेल्या कन्नड ओळींच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अगम्य खिचडी उमटली होती. शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत मानाने बोलवायचे, म्हणून तर त्या ओळी सर्वांत वर ठेवल्या होत्या!

यात मुलाचा दोष किती? 'उठावदार कर' म्हटल्यावर त्याने पार्श्वभूमी गडद केली. 'वार बघ' म्हटल्यावर त्याने कन्नड ओळीतला 'भानुवार' पाहिला. कन्नडमध्ये भानुवार म्हणजे रविवार, तो बरोबरच होता. मराठी ओळीत मात्र 'शनिवार' पडला होता, पण कोणत्या ओळीत पाहायचे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

कन्नड मजकूर बिघडला त्याचे कारण जरा वेगळे आहे. पूर्वीच्या भारतीय भाषांच्या फाँटमध्ये कन्नड किंवा मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. छपाईच्या व्यवसायात असे जुने फाँट अजूनही वापरात आहेत. त्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर नुसता दुसऱ्या फाँटमध्ये टाकला, की मुखवटा गळून पडतो आणि आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. मुलाला वाटले, सगळ्या पोस्टरला एकच नवा फाँट शोभून दिसेल. तेवढ्या एका गोष्टीने तपासलेला मजकूर हातचा गेला.

रात्री काकूंनी जांभळे पोस्टर बाजूला ठेवले, पहिला नमुना कागदावर छापून घेतला आणि लाल पेनाने चुकीच्या जागांवर १ ते ४ असे आकडे घातले. त्या कागदाचा फोटो आणि सोबत ही चिठ्ठी त्यांनी मुलाला पाठवली:

"अरे, तुझी मेहनत दिसते आहे, पण माझा निरोपच मोघम होता. आता पहिल्या नमुन्यावरच काम कर. जांभळा राहू दे.

हे चार बदल कर.
१. मराठी भाग, दुसरी ओळ. आता 'शनिवार, ३१ ऑगस्ट' आहे. तिथे 'रविवार, ३१ ऑगस्ट' हवे. तारीख बरोबर आहे.
२. मराठी भाग, चौथी ओळ. 'तिसऱ्या मजल्यावरील सभागृह' यात 'ऱ्या'वर रफार पडला आहे. या निरोपातले शब्द उचलून तिथे ठेव, स्वतः टाइप करू नकोस. ओळ मावली नाही तर फक्त याच ओळीचे अक्षर लहान कर, पण २८ पॉइंटच्या खाली नको.
३. मराठी शीर्षक, 'गणेशोत्सव : मुलांचा कार्यक्रम'. 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे आले आहेत. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडून बघ. वळण बदलले तर उत्तम, नाही बदलले तर तसेच राहू दे. त्यासाठी फाँट बदलू नकोस.
४. खाली उजवीकडे वर्गणीचा क्यूआर कोड. त्याच्याभोवतीची वेलबुट्टी काढ. कोड ४ सेंटिमीटर चौरस कर, चारही बाजूंनी पांढरी जागा ठेव.

याला हात लावू नकोस.
क. कन्नड ओळी सगळ्या. मजकूर, फाँट, आकार, जागा, काहीही नाही.
ख. गणपतीचे चित्र. जागा आणि आकार तोच.
ग. पार्श्वभूमीचा केशरी रंग.
घ. देणगीदारांची बोधचिन्हे. त्यांचे रंग आणि क्रम ठरलेले आहेत.
च. कागदाचा आकार, ए३ उभा.

यादीत नसलेले काही बदलावेसे वाटले, तर आधी मला फोन कर. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठव. काकू."

तासाभराच्या आत मुलाचा फोन आला, "काकू, हे सोपं आहे. उद्या सकाळी देतो." आणि खरेच दिले.

चिठ्ठी लहानशी आहे, पण तिच्यातली एकेक गोष्ट विचार करून लिहिलेली आहे. प्रत्येक बदलाला आधी जागा सांगितली आहे, मग 'आता काय आहे' आणि 'काय हवे' हे दोन्ही लिहिले आहे. नुसते 'रविवार कर' म्हटले असते तर कोणत्या ओळीत, हा प्रश्न उरलाच असता. शिवाय तारीख बरोबर आहे हेही सांगून टाकले. नाहीतर वार आणि तारीख जुळत नाहीत असे पाहून एखादा माणूस वार तसाच ठेवून तारखेचे ३० करील, आणि अर्धे पाहुणे आदल्या दिवशी दारात उभे राहतील.

दुसरा बदल मराठी माणसाच्या नेहमीच्या दुखण्याचा. 'तिसऱ्या' मधला अर्धा र पुढच्या 'या'ला आडव्या रेघेसारखा चिकटतो. 'सूर्य' मधला र मात्र डोक्यावर रफार होऊन बसतो. ज्याला मराठी लिहिण्याची सवय नाही तो साधा र, हलन्त आणि य टाइप करतो आणि डोक्यावर रफार येतो. कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाला हा फरक डोळ्यांना जाणवणारच नाही. म्हणून त्याला नियम समजावत बसण्यापेक्षा तयार शब्द उचलायला देणे शहाणपणाचे.

तिसऱ्या बदलात काकूंनी मर्यादा आखून दिली, ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहितात. हिंदीत दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श'. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठी वळणच प्रमाण धरले आहे. कित्येक फाँटमध्ये दोन्ही वळणे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळण वर येते. काहींत मात्र एकच वळण असते. अशा वेळी फाँट बदलला तर प्रत्येक ओळीची लांबी बदलते, खालचे सगळे सरकते आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागते. चुकलेला वार सुधारलाच पाहिजे, अक्षराचे वळण साधले तर साधावे. दोन्ही एकाच यादीत असले तरी त्यांचे वजन वेगळे आहे, हे चिठ्ठीत उघड लिहिले.

क्यूआर कोडचेही तसेच. हा कोड नक्षीसाठी नसतो, मोबाइलच्या कॅमेऱ्याला त्याच्या कडा नेमक्या कळाव्या लागतात. म्हणून भोवती कोडमधल्या सर्वांत लहान चौकोनाच्या चौपट तरी रुंदीची कोरी पट्टी सोडतात. जितक्या अंतरावरून टिपायचा त्याच्या साधारण दहावा हिस्सा कोडची रुंदी असावी, असा ढोबळ हिशेब आहे. लिफ्टमध्ये माणूस हातभर अंतरावर, म्हणजे चाळीसएक सेंटिमीटरवर उभा असतो. तेव्हा ४ सेंटिमीटर पुरतात.

आता राहिली दुसरी यादी. जे बदलायचे नाही ते लिहायचे कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण पोस्टर म्हणजे गच्च भरलेला फडताळाचा कप्पा. एक डबा हलवला की शेजारचे हलतात. कलाकाराचा हातही शिवशिवत असतोच. ज्या गोष्टी दुसऱ्या कुणी तपासून मान्य केल्या आहेत, किंवा ज्यांच्यावर दुसऱ्याचा हक्क आहे, त्या नावानिशी बंद कराव्यात. कन्नड ओळी शिक्षिकाबाईंनी तपासलेल्या, बोधचिन्हे देणगीदारांची. त्या बदलल्या तर मुलाला नव्हे, काकूंना जाऊन क्षमा मागावी लागणार. मात्र ही यादी आखडती हवी. सगळेच बंद केले तर चौथ्या ओळीसारखी अडचण आल्यावर त्याने जागा आणायची कुठून?

नवा नमुना आला तेव्हा काकूंनी आधी पाहिली ती 'हात लावू नको' ची यादी. सुधारलेल्या जागांकडे नजर आपोआप जाते, न सांगता झालेला बदल मात्र निसटतो. जुना आणि नवा कागद एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या काचेवर धरले. जिथे रेघा दुहेरी दिसतील तिथे काहीतरी हलले आहे. दुहेरी फक्त चार जागी दिसल्या, लाल आकडे होते तिथेच. कन्नड ओळी पुन्हा एकदा शिक्षिकाबाईंकडून वाचून घेतल्या. क्यूआर कोड पडद्यावरून नव्हे, छापलेल्या कागदावरून दोन वेगवेगळ्या मोबाइलांवर टिपून पाहिला आणि नाव मंडळाच्याच खात्याचे येते याची खात्री केली.

मगच छापखान्यासाठी पीडीएफ तयार करायला सांगितली. त्यात मुलाने सगळ्या अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर केले, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर ते फाँट नसले तरी अक्षरे बिघडत नाहीत. असे रूपांतर केल्यावर मजकूर पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल त्याने वेगळी जपून ठेवली. पुढच्या वर्षी तीच उघडायची. तेव्हा चिठ्ठीत पहिला आकडा कशाला द्यायचा ते आताच ठरले आहे, वार आणि तारीख दोन्ही, दोन्ही भाषांत.