व्हीटीच्या भिंतीवरचं ऊन

जानेवारीतल्या एका संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर तिपाईवर कॅमेरा लावून मी एक फोटो काढला होता. भिंतींवर खालून सोडलेले पिवळे झोत, प्रत्येक खिडकीत दिवा, मागे काळंभोर आकाश. कॅलेंडर छापणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना तो आवडला, पण त्यांना इमारत दिवसाची हवी होती. पुन्हा जाऊन फोटो काढण्याइतका वेळ नव्हता. "याच्यातूनच दिवस करून द्या," ते म्हणाले.

दिवसाची रात्र करणं चित्रपटवाले फार पूर्वीपासून करत आले आहेत. फ्रेंचमध्ये त्याला 'अमेरिकन रात्र' म्हणतात आणि फ्रान्स्वा त्रुफोच्या १९७३च्या चित्रपटाचं नावही तेच आहे. त्यात भर उन्हात घेतलेल्या दृश्यातला उजेड कमी करायचा असतो, म्हणजे हातात असलेलंच थोडं टाकून द्यायचं असतं. रात्रीचा दिवस करताना मात्र फोटोत जे आलेलंच नाही, ते भरावं लागतं.

बहुतेक जण सुरुवात आकाशापासून करतात. काळं आकाश कापायचं, निळं चिकटवायचं, सगळं चित्र उजळायचं. असं चित्र क्षणभर बरं दिसतं, मग कुठेतरी खटकू लागतं. खटकण्याचं कारण छज्ज्याखाली असतं. दिवसा उजेड वरून येतो, त्यामुळे छज्ज्याची वरची कड उजळते आणि पोट काळोखात राहतं. झोत खालून असले की छज्ज्याचं पोट आणि कमानीची आतली बाजू झळाळते आणि छज्ज्याची सावली भिंतीवर वर चढते. व्हीटीच्या भिंतीवर गोल चौकटींत कोरलेले चेहरे आहेत. रात्री त्यांच्या नाकाची सावली कपाळावर पडते. आकाश कितीही निळं केलं तरी ते कपाळ रात्रीचंच राहतं. म्हणून आकाशाला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

आधी दिवे उतरवायचे. जमिनीजवळच्या प्रत्येक दिव्याचा भिंतीवर पंख्यासारखा पट्टा उमटलेला असतो, खाली भगभगीत आणि वर जाताना विरत गेलेला. तेवढ्याच आकाराचा, पण उलटा, म्हणजे खाली गडद आणि वर फिका असा मुखवटा प्रत्येक पट्ट्यावर वेगळा बसवावा लागतो. सगळ्या भिंतीला एकच मुखवटा लावला तर दोन पट्ट्यांच्या मधे काळे डाग उरतात. दिव्याभोवतीचं धुरकट वलय भिंतीचं नसतं, ते भिंगात उजेड पसरल्यामुळे आलेलं असतं. ते भिंतीपासून वेगळं ओळखून वजा करायचं.

या कामाला एक मर्यादा आहे आणि कुठलीही कारागिरी ती ओलांडू शकत नाही. दिव्याजवळचा दगड फोटोत पूर्ण पांढरा जळला असेल, तर तो अंधारा करून दगड परत मिळत नाही, नुसता करडा ठिपका मिळतो. माझ्याकडे त्याच जागेवरून कमी वेळ उघडून घेतलेला दुसरा फोटो होता, म्हणून जळलेले तुकडे त्यातून आणता आले. रंगाचंही तसंच. निळे किंवा जांभळे दिवे सोडलेले असतील तर दगडाचा पिवळेपणा कॅमेऱ्यापर्यंत जवळजवळ पोचलेलाच नसतो. सणाच्या रोषणाईतला फोटो कोणी दिवसाचा करायला आणला, तर मी तो सरळ परत देतो. उलट, काळ्या राहिलेल्या घुमटाला तीन-चार टप्पे उजळलं की बारीक रंगीत दाणे वर येतात. ते फार पुसले तर कोरीव दगड मेणाचा दिसू लागतो, म्हणून थोडे तसेच राहू द्यावेत.

खिडक्या मात्र पुऱ्या उलटाव्या लागतात. दिवसा बाहेरून खिडकी काळसर दिसते, काचेवर थोडं आकाश असतं. एक जरी पिवळी राहिली तरी नजर तिथेच जाते.

इतकं झालं की इमारत ढगाळ दिवसातली वाटू लागते. आता ऊन. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे असं धरून मी मध्य जानेवारीतल्या दुपारी पावणेचारचा सूर्य घेतला. तो नैऋत्येला, क्षितिजापासून तीस अंश वर असतो. त्या कोनात एक फूट पुढे आलेल्या छज्ज्याची सावली भिंतीवर साधारण नऊ इंच खाली उतरते आणि एक फूट पुढे आलेल्या खांबाची सावली दहा इंच डावीकडे सरकते. सगळ्या भिंतीला हाच हिशेब लागतो, कारण उन्हाच्या सावल्या एकमेकींना समांतर असतात आणि दिव्यांच्या फाकतात. सावली काळीही करायची नाही. तिच्यात आकाशाचा उजेड असतो, त्यामुळे ती उन्हातल्या भिंतीच्या सहाव्या-आठव्या हिश्शाइतकी उजळ आणि किंचित निळी हवी. कडेचंही बघावं लागतं. नऊ फुटांवरून आलेल्या सावलीची कड जवळजवळ इंचभर विरघळलेली असते, छज्ज्याची मात्र धारदार दिसते.

चार रात्री बसून हे केलं आणि मावशीला दाखवलं. ती चाळीस वर्षं व्हीटीला उतरून कामावर जात होती. तिने चित्र जवळ घेतलं, लांब धरलं.

"अरे, घड्याळात पावणेआठ झालेत," ती म्हणाली. "आम्ही सकाळी बाहेर पडायचो तेव्हा समोरच्या बाजूला ऊन नसायचंच. ऊन पार मागे, फलाटांच्या अंगाला."

तिचं बरोबर होतं. दर्शनी भागावर ते मोठं घड्याळ आहे. फोटो रात्री पावणेआठला घेतलेला, काटे तसेच राहिलेले आणि भिंतीवर मी दुपार आणून ठेवलेली. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि पावणेआठला सूर्य जेमतेम सहा-सात अंश वर, इमारतीच्या मागे असतो. काटे फिरवणं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण अख्ख्या चित्रात कॅमेऱ्याने जसंच्या तसं टिपलेलं असं घड्याळाइतकं निश्चित दुसरं काही उरलं नव्हतं.

मग दुपारच्या सगळ्या सावल्या काढून टाकल्या आणि सकाळ केली. दर्शनी भाग पूर्ण सावलीत, फिक्या आकाशाच्या मऊ उजेडात. छज्ज्याखाली आणि कमानींच्या खोबणीत तेवढा काळोख दाट. आकाश वर निळसर, घुमटामागे जवळजवळ पांढरं. ऊन फक्त एका जागी: घुमटावरच्या पुतळ्याच्या उजव्या कडेला, एक बारीक रेघ. रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांच्या लाल ओढी होत्या, त्या पुसल्या. पंधरा सेकंद उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यात चालती माणसं उमटलीच नव्हती, ती मी घातली नाहीत.

कॅलेंडरवाल्यांना ऊन हवं होतं, त्यामुळे ते थोडे नाराज झाले. पण चित्र घेतलं. एकच अट मी घातली आणि ती त्यांनी पाळली: पानाच्या तळाशी 'रात्रीच्या छायाचित्रावरून केलेलं सकाळचं चित्र' असं छापलं आहे. मावशीने ते पान कपाटाच्या दाराला आतून लावलंय.