जांभळ्या नळीतील थेंब आणि फसवा पोटॅशियम

रक्ततपासणीसाठी घरी किंवा केंद्रावर रक्त घेतले जाते, तेव्हा एकाच सुईतून तीन-चार रंगीत टोपणांच्या नळ्या भरल्या जातात. त्या कोणत्याही क्रमाने भरल्या तरी रक्त तेच, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक नळीत निराळे द्रव्य असते आणि एका नळीतील द्रव्य दुसरीत गेले, तर अहवाल खोटे बोलू लागतो.

जांभळ्या टोपणाची नळी हिमोग्लोबिन व पेशींच्या मोजणीसाठी असते. रक्त साकळू नये म्हणून तिच्यात ईडीटीए नावाचे द्रव्य असते. रक्त साकळण्यास कॅल्शियम लागते आणि ईडीटीए तेच कॅल्शियम घट्ट धरून ठेवते. मात्र हे द्रव्य पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात वापरतात. म्हणून त्याचा अंश पिवळ्या किंवा लाल नळीत शिरला, तर तेथील पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. रुग्णाच्या शरीरात मात्र काहीच बदललेले नसते.

एक उदाहरण घेऊ. पाथर्डी तालुक्यातील एखाद्या खेड्यातील बहात्तर वर्षांच्या आजी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत आहेत. शीर बारीक असल्याने सिरिंजमध्ये जेमतेम चार मिलिलीटर रक्त येते. तंत्रज्ञ आधी जांभळी नळी भरतो, मग पिवळीत रक्त कमी पडते, म्हणून जांभळीतील थोडे रक्त तो पिवळीत ओततो. सायंकाळी अहवाल येतो: पोटॅशियम ७.१ मिलीमोल (सर्वसाधारण ३.५ ते ५.१), कॅल्शियम ५.६ मिलिग्रॅम (सर्वसाधारण ८.५ ते १०.५), अल्कलाइन फॉस्फेटेजही फार कमी. क्रिएटिनिन मात्र ०.९ म्हणजे उत्तम. आजी ओसरीवर बसून गप्पा मारत आहेत आणि मुलाचा जीव टांगणीला लागला आहे.

हे आकडे एकत्र वाचावेत. कॅल्शियम खरोखर इतके उतरले असते, तर बहुधा हातापायांना मुंग्या आल्या असत्या, पेटके आले असते. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरास काम करण्यासाठी जस्त व मॅग्नेशियम लागते. ईडीटीए तेही पकडते, म्हणून तो आकडाही कोसळतो. पोटॅशियम वर आणि ही दोन्ही खाली, हे त्रिकूट दिसताच नमुन्यात भेसळ झाल्याची शंका घ्यावी.

तरीही शंका म्हणजे निदान नव्हे. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनी पोटॅशियम खरोखर वाढू शकते. मूत्रपिंड निकामी होत असेल, तर पोटॅशियम वाढणे आणि कॅल्शियम घटणे दोन्ही खरे असू शकते. म्हणून अशा वेळी उशीर न करता डॉक्टरांकडे जावे, ईसीजी काढावा आणि नव्याने रक्त द्यावे. ईसीजी सरळ आला म्हणूनही निर्धास्त राहू नये, दुसऱ्या नमुन्याचा आकडा हाती आल्यावरच निष्कर्ष काढावा. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

भेसळ अल्प असेल, तर ओळखणे अधिक अवघड जाते. तेव्हा पोटॅशियम थोडे चढते, पण कॅल्शियम सर्वसाधारण मर्यादेतच राहते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचे ३.० असलेले पोटॅशियम ३.७ दिसले, तर खरी कमतरता झाकली जाते आणि उपचार राहून जातो. याउलट, नमुन्यातील लाल पेशी फुटल्यानेही पोटॅशियम वाढते. पण तेव्हा कॅल्शियम सहसा उतरत नाही आणि वेगळा काढलेला द्रव लालसर दिसतो.

हे टाळण्यासाठीच नळ्यांचा क्रम ठरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतही तो दिलेला आहे. आधी निळी, नंतर लाल किंवा पिवळी, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी साखरेची करडी. करड्या नळीतही अनेकदा पोटॅशियम ऑक्सलेट असते, म्हणून तिला शेवटचे स्थान. बंदिस्त निर्वात नळ्या नीट वापरल्या, तर भेसळीचा धोका फारच कमी असतो. सिरिंजने रक्त काढून टोपणे उघडून नळ्या भरताना तो वाढतो, कारण सुईचे टोक आतील द्रव्यास लागू शकते. सर्वांत मोठी भेसळ मात्र एका नळीतून दुसरीत रक्त ओतल्याने होते.

रक्त घेतले जात असताना सोबतच्या माणसाने तीन गोष्टी पाहाव्यात: जांभळी नळी पिवळीच्या आधी भरली जात नाही ना, हात खाली झुकलेला आहे ना, आणि रक्त कमी पडल्यास नळीतून नळीत ओतले जात नाही ना. रक्त अपुरे पडले, तर दुसऱ्या हातातून पुन्हा घेण्यास नम्रपणे सांगावे. एक टोचणी अधिक सोसणे परवडते.